महिन्याचा पहिला सोमवार: सातचे खुंटे आणि एक वजाबाकी

महाराष्ट्रात जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि बँका महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. अमेरिकेतील कार्यालयाबरोबर काम करणाऱ्यांना तिथला कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो हे लक्षात ठेवावे लागते. या साऱ्या नियमांत तारीख दिलेली नसते, फक्त वार आणि त्याचा क्रमांक दिलेला असतो. आपल्या हातात मात्र बहुधा आजची किंवा एखाद्या कागदावरची तारीख असते, आणि त्या एका तारखेवरून त्याच महिन्यातला पहिला सोमवार शोधायचा असतो. दिनदर्शिका समोर असली तर हे काम डोळ्यांनी होते, निदान तसे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दिनदर्शिका पाहूनही लोक चुकतात, आणि ती चूक कुठे होते हे समजले की तोंडी हिशेबाची रीतही आपोआप समजते.

पहिला घोटाळा शब्दांचा आहे. ‘पहिला सोमवार’ म्हणजे ‘पहिल्या आठवड्यातला सोमवार’ नव्हे. सप्टेंबर २०२६ ची १ तारीख मंगळवारी येते. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दिनदर्शिकेच्या पहिल्या रकान्यात, सोमवारचे घर रिकामेच असते, कारण त्या आठवड्यातला सोमवार ३१ ऑगस्टला होऊन गेलेला असतो. सप्टेंबरचा पहिला सोमवार दुसऱ्या रकान्यात, ७ तारखेला सापडतो. आठवडे मोजत जाणारा माणूस इथे हमखास अडखळतो, कारण आठवडा महिन्याच्या सीमा मानत नाही.

दुसरा घोटाळा आपल्याकडच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकांचा आहे. त्यांत बहुधा वार डाव्या कडेला एकाखाली एक लिहिलेले असतात आणि तारखा उजवीकडे सरकत जातात, त्यामुळे सोमवारची ओळ आडवी वाचली की महिन्यातले सगळे सोमवार क्रमाने मिळायला हवेत. पण छापणाऱ्याकडे रकाने पाचच असतात आणि काही महिन्यांना सहा लागतात. ऑगस्ट २०२६ हा तसा महिना आहे. १ तारीख शनिवारी आल्यामुळे पहिल्या रकान्यात फक्त शेवटचे घर भरते, आणि ३० व ३१ या तारखांना शेवटी जागाच उरत नाही. मग अनेक दिनदर्शिकांत त्या पहिल्या रकान्यातल्या रिकाम्या घरांत, रविवार आणि सोमवारच्या ओळींच्या आरंभी, छापल्या जातात. परिणामी सोमवारची ओळ ३१, ३, १०, १७, २४ अशी वाचली जाते. ओळीतले पहिले घर म्हणजे पहिला सोमवार असे मानणाऱ्याला ३१ मिळते, आणि घरे मोजून तिसरा सोमवार शोधणाऱ्याला १७ ऐवजी १० मिळते. दिनदर्शिका बरोबर असते, मोजणी मात्र फसते.

या दोन्ही चुकांवरचा उपाय एकच आहे: आठवडे आणि घरे विसरून थेट तारखांकडे पाहणे. कोणताही महिना कोणत्याही वारी सुरू होवो, त्याच्या पहिल्या सात तारखांत प्रत्येक वार बरोबर एकदा येतो. म्हणून पहिला सोमवार १ ते ७ या तारखांतच असतो. त्यापुढच्या सात तारखांतही तेच घडते, म्हणून दुसरा सोमवार ८ ते १४ मध्ये, तिसरा १५ ते २१ मध्ये आणि चौथा २२ ते २८ मध्ये येतो. सोमवारच्या जागी शनिवार घेतला तरी हेच पट्टे लागू पडतात.

नुसत्या एवढ्या गोष्टीवरून एक उलटा प्रश्न चुटकीसरशी सुटतो. समोरची तारीख त्या वाराची कितवी खेप आहे, हे पाहण्यासाठी तारखेला सातने भागावे आणि बाकी उरली तर उत्तरात एक मिळवावा. १५ ऑगस्ट २०२६ हा शनिवार आहे. १५ ला सातने भागले की २ येतात आणि बाकी १ उरते, म्हणून तो तिसरा शनिवार ठरतो. बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतात, तेव्हा बँकेच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवले तरी पुरते की शनिवारची तारीख ८ ते १४ किंवा २२ ते २८ यांत असेल तर शाखा बंद, एरवी सुट्टीचे अन्य कारण नसेल तर उघडी. त्या महिन्यात शनिवार पाच आहेत की चार, याचा विचारही करावा लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तारीख आणि तिचा वार माहीत आहे, त्यावरून पहिला सोमवार काढायचा आहे. बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ती रीत अशी: दिलेल्या तारखेवरून मागे जात सोमवार गाठावा, मग सात-सात वजा करत खाली यावे. २९ ऑगस्ट २०२६ हा शनिवार आहे. शनिवारपासून सोमवार पाच दिवस मागे, म्हणजे २४ तारखेला. त्यातून सात वजा केले की १७, मग १०, मग ३. पहिला सोमवार ३ ऑगस्ट. हे वजा करत बसण्याऐवजी २४ ला सातने भागून बाकी घेतली तरी ३ च येतात.

रीत बरोबर आहे, पण तिच्या दोन टोकांना खड्डे आहेत. १७ सप्टेंबर २०२६ हा गुरुवार आहे. तीन दिवस मागे गेले की १४ येतात, आणि १४ ला सातने भागले की बाकी शून्य उरते. महिन्याला शून्य तारीख नसते, म्हणून इथे शून्याचे सात करावे लागतात. दुसरा खड्डा महिन्याच्या सुरुवातीचा. १ ऑगस्ट २०२६ च्या शनिवारवरून निघाले तर एकातून पाच वजा होऊन उणे चार येतात, म्हणजे आपण जुलैत घुसतो, आणि परत येण्यासाठी सात मिळवून ३ करावे लागतात. कागदावर हिशेब करणारा हे सांभाळून घेतो. संगणकाला सांगताना मात्र हाच भाग दगा देतो, कारण उणे संख्येची बाकी काढताना सगळ्या भाषा एकसारख्या वागत नाहीत. `-4 % 7` याचे उत्तर पायथॉनमध्ये ३ येते आणि जावास्क्रिप्टमध्ये उणे ४. एकीकडे बरोबर चाललेली आज्ञा जशीच्या तशी दुसरीकडे नेली की महिन्याच्या अखेरच्या तारखांना उत्तर बरोबर येते आणि पहिल्या काही तारखांना चुकते. अशी चूक पकडायची असेल तर चाचणी १ तारखेवरून घ्यावी. महिन्याच्या मधली तारीख घेऊन केलेली चाचणी काहीच सांगत नाही.

माझ्या मते यापेक्षा चांगली रीत खालून न मोजता वरून मोजण्याची आहे. पहिला सोमवार १ ते ७ मध्ये असतो, तर ७ ही त्या पट्ट्यातली शेवटची तारीख झाली. मग ७ तारखेला कोणता वार आहे एवढे पाहावे. सोमवार असेल तर उत्तर ७. मंगळवार असेल तर एक दिवस मागे, ६. बुधवार असेल तर ५, आणि असे करत रविवार असेल तर सहा दिवस मागे, १. उत्तर एकाच्या खाली जात नाही आणि सातच्या वर जात नाही, त्यामुळे शून्याचा किंवा उणे संख्येचा प्रश्नच उद्भवत नाही.

७ तारखेचा वार शोधणेही अवघड नाही, कारण ७, १४, २१ आणि २८ या चारही तारखांना एकच वार असतो. हे महिन्यात ठोकलेले चार खुंटे समजावेत. १ आणि २ या तारखा सोडल्या तर हातातली तारीख कोणतीही असो, जवळचा खुंटा तीन-चार दिवसांच्या आतच सापडतो. २९ ऑगस्टला शनिवार, म्हणून २८ ला शुक्रवार. ७ लाही शुक्रवारच. शुक्रवारपासून सोमवार चार दिवस मागे, म्हणून ७ वजा ४, अर्थात ३ ऑगस्ट. त्याच महिन्यातल्या १ तारखेवरून निघालात तर १ ला शनिवार म्हणजे ८ लाही शनिवार, ७ ला शुक्रवार, आणि उत्तर पुन्हा ३. सप्टेंबरचा गुरुवार, १७ तारीख, घेतला तर १४ ला सोमवार येतो, खुंट्यावरच सोमवार बसला आहे, म्हणून पहिला सोमवार ७. आधीच्या रीतीत जिथे खड्डा होता तिथे या रीतीत हिशेबच करावा लागला नाही.

कितवाही सोमवार हवा असला तरी नियम तोच राहतो. दुसऱ्या सोमवारसाठी १४ चा खुंटा धरावा, तिसऱ्यासाठी २१ चा, चौथ्यासाठी २८ चा, आणि तितकेच दिवस मागे जावे. दुसरा कोणताही वार हवा असेल तर खुंट्यावरच्या वारापासून तो किती मागे आहे ते मोजावे. ऑगस्ट २०२६ मध्ये खुंट्यावर शुक्रवार आहे आणि शुक्रवारपासून शनिवार मागच्या बाजूने मोजला तर सहा दिवस दूर आहे. म्हणून दुसरा शनिवार १४ वजा ६, म्हणजे ८, आणि चौथा २८ वजा ६, म्हणजे २२. इथे पुढे एक दिवस जाऊन १५ म्हणण्याचा मोह होतो, पण खुंट्याच्या पुढे कधीही जायचे नाही. पुढे गेलात की पुढच्या पट्ट्यात शिरलात.

स्प्रेडशीटमध्ये हीच रीत एका ओळीत मांडता येते. A1 या घरात कोणतीही तारीख असेल, तर तिच्यातून तिचाच दिनांक वजा केल्यावर मागच्या महिन्याची अखेरची तारीख मिळते. तिच्यात सात मिळवले की चालू महिन्याची ७ तारीख झाली. WEEKDAY या सूत्राला दुसरा आकडा ३ दिला की ते सोमवारला शून्य, मंगळवारला एक आणि रविवारला सहा म्हणते, म्हणजे नेमके किती दिवस मागे जायचे तेच सांगते.

```
=A1-DAY(A1)+7-WEEKDAY(A1-DAY(A1)+7,3)
```

तो ३ गाळला तर मोजणी रविवारी एकपासून सुरू होते आणि उत्तर बहुधा दोन दिवस आधीचे येते, ७ तारखेला रविवार असेल तर मात्र पाच दिवस पुढचे. ७ तारखेला शनिवार असेल तर ते मागच्या महिन्यातही जाते. उत्तर शनिवारी आलेले दिसले तर हा आकडा राहिला आहे असे खुशाल समजावे. उत्तराच्या घरात ४६ हजारांच्या आसपासची एखादी संख्या दिसली तर घाबरू नये. हिशेब बरोबर असतो, फक्त त्या घराचा नमुना तारखेचा करायचा राहिलेला असतो. दुसऱ्या सोमवारसाठी सूत्रातल्या पहिल्या ७ च्या जागी १४ लिहावेत, तिसऱ्यासाठी २१. कंसातला ७ तसाच ठेवला तरी चालतो, कारण चारही खुंट्यांवर वार एकच आहे.

पाचव्या वाराचे प्रकरण वेगळे आहे. पाचवा सोमवार असलाच तर तो २९, ३० किंवा ३१ तारखेला येतो, आणि पुष्कळ महिन्यांत तो नसतोच. २८ दिवसांच्या फेब्रुवारीत तर कोणताच वार पाच वेळा येत नाही. सूत्रात ३५ लिहून नसलेला पाचवा सोमवार मागितला तर स्प्रेडशीट तक्रार करत नाही, निमूटपणे पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार देते. म्हणून उत्तराचा महिना आणि A1 चा महिना एकच आहे का, हे तपासल्याशिवाय ते स्वीकारू नये. ज्याला खरे तर ‘शेवटचा सोमवार’ हवा असतो त्याने चौथा की पाचवा या वादात पडूच नये. त्याच्यासाठी महिन्याची अखेरची तारीख हाच खुंटा, आणि तिथून तसेच मागे यायचे:

```
=EOMONTH(A1,0)-WEEKDAY(EOMONTH(A1,0),3)
```

ऑगस्ट २०२६ मध्ये हे सूत्र ३१ देते, कारण ३१ लाच सोमवार आहे, आणि तो पाचवा आहे. सप्टेंबरमध्ये ते २८ देते, आणि तो चौथा आहे.

नियमाची भाषा वाचताना एक बारकावा जपावा लागतो. ‘पहिला मंगळवार’ आणि ‘पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार’ या दोन वेगळ्या तारखा असू शकतात. अमेरिकेत १८४५ च्या कायद्याने अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस ठरवताना नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार असे मुद्दाम म्हटले गेले. त्यामुळे तो दिवस १ ते ७ मध्ये न येता २ ते ८ मध्ये येतो. एरवी दोन्ही वर्णनांनी एकच तारीख मिळते, पण १ नोव्हेंबरला मंगळवार आला की ती वेगळी होते. २०२२ मध्ये तसेच झाले: पहिला मंगळवार १ तारखेला होता आणि तिथल्या मध्यावधी निवडणुका ८ तारखेला झाल्या. हीच गफलत आपल्याकडे ‘दुसरा शनिवार आणि त्याला जोडून दुसरा रविवार’ असे म्हणताना होते. महिना रविवारी सुरू झाला तर दुसरा शनिवार १४ तारखेला येतो आणि त्याला लागून येणारा १५ चा रविवार तिसरा असतो. जोडलेला दिवस हवा असेल तर आधी मुख्य वार काढावा आणि मग त्यात एक मिळवावा. दोन वार स्वतंत्रपणे काढून ते शेजारी येतील अशी आशा करू नये.

ठरावीक वेळी आपोआप काम चालवणाऱ्या क्रॉन या व्यवस्थेत मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. दर पहिल्या सोमवारी सकाळी नऊला बैठकीची आठवण जावी म्हणून मी सरळ विचार केला: तारीख १ ते ७ आणि वार सोमवार, म्हणजेच पहिला सोमवार. ओळ अशी लिहिली:

```
0 9 1-7 * 1 /home/user/athavan.sh
```

पहिल्या दिवशी आठवण गेली, दुसऱ्या दिवशीही गेली, आणि तिसऱ्या दिवशी लोकांचे फोन येऊ लागले. कारण क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही ठिकाणी अट घातली तर त्या ‘आणि’ने जोडल्या जात नाहीत, ‘किंवा’ने जोडल्या जातात. म्हणजे १ ते ७ यांपैकी प्रत्येक दिवशी, शिवाय महिन्यातल्या प्रत्येक सोमवारी. ऑगस्ट २०२६ सारख्या महिन्यात अशी आठवण एकाऐवजी अकरा वेळा जाईल: पहिले सात दिवस, आणि नंतर १०, १७, २४ व ३१ चे सोमवार. उपाय असा की क्रॉनला फक्त तारखांची अट द्यावी आणि वार आज्ञेतच तपासावा:

```
0 9 1-7 * * [ "$(date +\%u)" = 1 ] && /home/user/athavan.sh
```

इथे `date +%u` सोमवारला १ आणि रविवारला ७ म्हणते. टक्क्याच्या आधीची तिरकी रेघ विसरली तर क्रॉन टक्क्याला ओळीचा शेवट समजतो आणि आज्ञा अर्धवट तुटते. तीच आज्ञा हाताने चालवून पाहिली तर ती बिनतक्रार चालते, त्यामुळे ही चूक शोधताना बराच वेळ जातो.

शेवटी पुन्हा लोकशाही दिनाकडे येतो, कारण तिथे या हिशेबाला आणखी एक पायरी जोडलेली असते. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. समजा आज १७ ऑगस्ट २०२६ आहे आणि ऑगस्टचा लोकशाही दिन ३ तारखेला होऊन गेला. पुढचा खुंटा ७ सप्टेंबर. १७ ऑगस्टला सोमवार आहे, म्हणून २४, ३१ आणि ७ सप्टेंबरलाही सोमवारच येतो, आणि खुंट्यावरच सोमवार असल्यामुळे लोकशाही दिन ७ सप्टेंबरला. त्यातून पंधरा दिवस वजा केले की २३ ऑगस्ट येतो. तो रविवार आहे, आणि हा योगायोग नाही: सोमवारच्या चौदा दिवस आधी सोमवारच असतो, म्हणून पंधरा दिवस आधी नेहमी रविवार येणार. शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने शनिवारीही अर्ज घेतला जाणार नाही. म्हणजे अर्जाची खरी शेवटची तारीख पहिल्या सोमवारच्या सतरा दिवस आधीचा शुक्रवार, या उदाहरणात २१ ऑगस्ट. १७ तारखेला कागद हातात असलेल्या माणसाकडे आपल्याला वाटतात तसे सहा दिवस नसून चारच उरतात.

सूत्राला सुट्ट्या कळत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. २०२३ मध्ये मे महिन्याचा पहिला सोमवार १ तारखेला, महाराष्ट्र दिनी आला, आणि ऑक्टोबरचा २ तारखेला, गांधी जयंतीला. हिशेबाने दोन्ही तारखा अचूक होत्या आणि दोन्ही दिवशी कार्यालये बंद होती. १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन्ही तारखा पहिल्या पट्ट्यातल्या आहेत, तेव्हा त्यांतली कोणतीही सोमवारी आली की ती पहिलाच सोमवार असते. म्हणून मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांचे उत्तर काढल्यावर जिल्ह्याची त्या महिन्याची सूचना वाचूनच घराबाहेर पडावे.